अवॉर्ड विरोधात गेला, मग सेक्शन ३४: कोर्टाने माझं काय ऐकलं आणि काय ऐकलंच नाही

मागच्या महिन्यात बँक गॅरंटीचा ओरिजिनल कागद परत हातात आला आणि अडीच वर्षांचं प्रकरण एकदाचं संपलं. मधल्या काळात मी इंटरनेटवर खूप शोधलं, पण मराठीत मिळालं ते एकतर कायद्याचं भाषांतर नाहीतर वकिलांच्या जाहिराती. म्हणून आर्बिट्रेटरचा निवाडा, म्हणजे अवॉर्ड, माझ्या विरोधात गेल्यावर तो रद्द करून घ्यायला मी आर्बिट्रेशन कायद्याच्या सेक्शन ३४ खाली कोर्टात गेलो तेव्हा जे झालं ते तारखांसकट लिहून काढतोय. मी वकील नाही, सातपूरला माझं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे, त्यामुळे वाचताना तेवढं धरून चाला.

थोडक्यात भांडण असं. एका कंपनीसाठी गोडाऊनची शेड बांधायचं काम घेतलं, करार २ कोटी ४० लाखांचा. काम चौदा आठवडे लांबलं. कंपनीने शेवटचं १३ लाखांचं बिल अडवलं, वर मी शेडच्या आत केलेल्या मधल्या मजल्याचे, म्हणजे मेझनाइनचे, आणि उंच केलेल्या प्लिंथचे, म्हणजे जोत्याचे, १४ लाख ६० हजार द्यायला नकार दिला, ते काम आम्ही सांगितलंच नव्हतं म्हणे. करारात आर्बिट्रेशनचा क्लॉज होता, म्हणजे भांडण झालं तर ते कोर्टाऐवजी आर्बिट्रेटर नावाच्या पंचाने सोडवायचं, हायकोर्टाने आर्बिट्रेटर नेमला, रिटायर्ड जज होते. मी माझे पैसे मागितले आणि कंपनीने उलट माझ्यावर २१ लाखांचा काउंटरक्लेम टाकला, उशिरामुळे त्यांना दुसरीकडे गोडाऊन भाड्याने घ्यावं लागलं वगैरे.

१९ एप्रिल २०२३ ला अवॉर्डची पीडीएफ ईमेलवर आली. बासष्ट पानं. मी थेट शेवटचं पान उघडलं (सगळे तेच करत असणार). शेवटचं बिल १३ लाख मंजूर, एक्स्ट्रा काम नामंजूर, काउंटरक्लेम २१ लाख पूर्ण मंजूर. म्हणजे वजाबाकी करून मीच कंपनीला ८ लाख द्यायचे, वर अवॉर्डच्या तारखेपासून ९ टक्के व्याज. मी वर्कशॉपच्या बाहेर जाऊन बसलो, वेल्डर येऊन विचारून गेला की शेठ काय झालं, त्याला काही सांगता येईना.

पुढचे तीन आठवडे मी फक्त चिडण्यात घालवले आणि ही माझी पहिली चूक. सही केलेली कॉपी कुरियरने २४ एप्रिलला आली होती, आणि मुदत त्या दिवसापासून चालू झाली होती. सेक्शन ३४ चा अर्ज सही केलेला अवॉर्ड पक्षकाराच्या हातात पडल्यापासून तीन महिन्यांत करायचा असतो. उशिराचं सबळ कारण असेल तर कोर्ट आणखी ३० दिवस देऊ शकतं, आणि त्यानंतर मात्र एक दिवससुद्धा नाही, मग तुम्ही हॉस्पिटलात असा नाहीतर आणखी कुठे. सुप्रीम कोर्टाने २००१ सालीच सांगून ठेवलंय की लिमिटेशन अ‍ॅक्टमधली उशीर माफ करायची नेहमीची तरतूद इथे चालत नाही. त्यामुळे कुरियरचं पाकीट फेकू नका, मी पाकिटावर पेनाने तारीख टाकून ते फाइलला स्टेपल केलं आणि नंतर अर्जात ते जोडलं सुद्धा.

मे महिन्यात ज्या वकील मॅडमकडे गेलो त्यांना मी आधीच बारा पानांचं लिहून नेलं होतं, आर्बिट्रेटर कुठे कुठे चुकले त्याची यादी. त्यांनी ते वाचलं, चष्मा काढला आणि विचारलं, "यातलं आर्बिट्रेटरसमोर मांडलं नव्हतं असं काही आहे का?" मी म्हटलं सगळंच मांडलं होतं. "मग त्यांनी ते बघितलं आणि तुमच्या विरोधात ठरवलं, असंच ना?" मी हो म्हटलं. "साहेब, मग यातलं बरंचसं आपल्याला कोर्टात म्हणताच येणार नाही."

मला वाटलं या बाईंना केस घ्यायची नाही.

माझं सगळ्यात मोठं दुखणं मेझनाइनचं होतं. कंपनीच्या साइट इंजिनिअरचे व्हॉट्सअ‍ॅप मेसेज माझ्याकडे होते, "मेझनाइन पण करून टाका, बिलाचं नंतर बघू", फोटो टाकले की अंगठा यायचा. उलटतपासणीत त्या इंजिनिअरने मेसेज आपलाच आहे हे कबूल केलं होतं. तरीही आर्बिट्रेटरनी लिहिलं की करारातल्या क्लॉज ९ प्रमाणे जादा काम प्रोजेक्ट मॅनेजरच्या सहीच्या लेखी ऑर्डरशिवाय धरायचं नाही, साइट इंजिनिअरला तो अधिकार नव्हता, सबब नामंजूर. मेझनाइन तिथे उभं आहे, त्यावर कंपनी माल ठेवते आहे आणि मला पैसे नाहीत. यापेक्षा मोठा अन्याय कुठला असं मला वाटायचं, आणि खरं सांगायचं तर अजूनही थोडं वाटतं.

मॅडमनी त्या दिवशी समजावलं ते मला नीट कळायला वर्ष गेलं, पण लिहितो. सेक्शन ३४ म्हणजे अपील नाही. अपिलात वरचं कोर्ट पुरावा पुन्हा वाचतं आणि आपलं मत खालच्याच्या जागी ठेवू शकतं. इथे कोर्ट फक्त एवढं बघतं की निवाडा देण्याची पद्धत आणि अधिकार यात काही मोडलंय का. कायद्यात कारणं मोजून दिलेली आहेत: करारच वैध नव्हता, नोटीसच मिळाली नाही किंवा बाजू मांडायलाच मिळाली नाही, सोपवलेलं नव्हतं त्यावर निर्णय दिला, आर्बिट्रेटर ठरल्याप्रमाणे नेमला नव्हता, विषयच आर्बिट्रेशनमध्ये जाण्यासारखा नव्हता, किंवा अवॉर्ड पब्लिक पॉलिसीच्या विरोधात आहे. देशांतर्गत अवॉर्डसाठी आणखी एक आहे, पेटंट इल्लीगॅलिटी, म्हणजे अवॉर्ड वाचता वाचता समोर दिसणारी बेकायदा गोष्ट, उकरून काढावी लागणारी नव्हे. आणि त्याच कलमात लगेच लिहिलंय की कायदा चुकीचा लावला किंवा पुरावा वेगळा वाचता आला असता एवढ्यावरून अवॉर्ड रद्द होणार नाही.

मी विचारलं, चुकीचा लावला तरी? हो, नुसता चुकीचा लावला असेल तरी. त्यांचं म्हणणं असं की दोघांनी मिळून करारात लिहिलं होतं ना, आमचं भांडण कोर्टात नको, आर्बिट्रेटर सांगेल ते मान्य. म्हणजे चुकण्याचा धोका पण दोघांनी मिळून पत्करला. आता कोर्ट परत सगळे साक्षीपुरावे बघायला बसलं तर आर्बिट्रेशन म्हणजे फक्त कोर्टाच्या आधीची एक महागडी पायरी होऊन बसेल, आर्बिट्रेटरची फी भरायची ती भरायची आणि खटला चालवायचा तो चालवायचाच. मधल्या काळात पब्लिक पॉलिसी या शब्दात काहीही बसवून अवॉर्ड तपासले जायला लागले होते, म्हणून २०१५ च्या दुरुस्तीत स्पष्ट लिहून टाकलं की हे बघताना वादाच्या गुणावगुणात शिरायचं नाही.

मग त्यांनी मला गृहपाठ दिला आणि माझ्या मते सगळ्या प्रकरणातली सर्वात उपयोगी गोष्ट तीच. एक वही घ्यायची, डाव्या बाजूला आपली तक्रार, उजव्या बाजूला आर्बिट्रेटरनी ती कुठल्या पॅरात हाताळली तो नंबर. ज्या तक्रारीसमोर पॅरा नंबर आहे आणि तिथे दोन ओळींचं का होईना पण कारण दिलंय, ती जवळजवळ गेली समजायची. जिथे उजवी बाजू कोरी राहते किंवा करारातलं अक्षर एक आणि अवॉर्डमधलं दुसरं, तिथे खूण करायची. कोरी राहिली म्हणजे जिंकलो असं नाही, आर्बिट्रेटरने प्रत्येक चिठ्ठीचा उल्लेख करावाच असं काही नसतं, पण शोधायची जागा तीच.

मेझनाइनसमोर मी लिहिलं: पॅरा ४१ ते ४६. सहा पॅरे. मेसेजचा उल्लेख होता, कबुलीचा उल्लेख होता, क्लॉज ९ होता, कारण होतं. पॅरा ४३ मध्ये मेसेजची तारीख २ डिसेंबरच्या ऐवजी १२ डिसेंबर पडली होती, तेवढ्यावर मी उड्या मारत होतो. मॅडम म्हणाल्या ती टायपिंगची चूक आहे, सेक्शन ३३ खाली आर्बिट्रेटरकडेच ३० दिवसांत दुरुस्त करून घेता आली असती, पण केली असती तरी निकाल तोच राहिला असता. क्लॉज ९ चा अर्थ तुम्ही लावता तसाही लागेल, त्यांनी लावला तसाही लागतो. दोन अर्थ निघत असतील तर आर्बिट्रेटरचा चालतो.

साक्षीदाराचीही तक्रार होती. क्रेनवाल्याला साक्षीला बोलवायचं होतं आणि पुरावा बंद झाल्यावर आर्बिट्रेटरनी नाही म्हटलं. मला वाटलं बाजू मांडायला मिळाली नाही म्हणजे हेच. रोजनामा काढला तर त्यात तीन तारखा माझ्या साक्षीदारांसाठी ठेवलेल्या निघाल्या आणि तिन्हीला क्रेनवाला आला नव्हता. ते पण गेलं. बरं, त्याचं अ‍ॅफिडेव्हिट आता कोर्टात लावू का, तर तेही नाही, २०१९ च्या दुरुस्तीनंतर ही कारणं आर्बिट्रेटरसमोरच्या रेकॉर्डवरूनच दाखवायची असतात. नवीन कागद जोडून केस सजवता येत नाही.

(एक गोष्ट माझ्या केसला लागू नव्हती तरी सांगतो. तुमचा आर्बिट्रेटर जर समोरच्या कंपनीच्या एमडीने एकट्याने नेमलेला असेल तर वकिलाला ते सगळ्यात आधी सांगा. सुप्रीम कोर्टाच्या २०१९ च्या पर्किन्स ईस्टमन निकालानंतर तशी नेमणूक टिकणं अवघड आहे, वाद सुरू झाल्यावर तुम्ही लेखी संमती दिली नसेल तर.)

तर वहीत खुणा करता करता जूनमध्ये एके संध्याकाळी क्लॉज १४.३ वर आलो. उशिराबद्दल दर आठवड्याला कराराच्या रकमेच्या अर्धा टक्का, आणि उशिरापोटी ठेकेदाराची कोणत्याही प्रकारची एकूण जबाबदारी ५ टक्क्यांच्या वर जाणार नाही. २ कोटी ४० लाखांचे ५ टक्के म्हणजे १२ लाख. माझ्यावर लावलेत २१ लाख. पीडीएफ स्कॅन केलेली असल्यामुळे सर्च चालेना, म्हणून मॅडमच्या ज्युनिअरने आणि मी फूटपट्टी धरून ओळ न ओळ वाचली. पॅरा ५२ ते ५७ काउंटरक्लेमचे. भाडं, ट्रान्सपोर्ट, हमाली, सगळ्याची बेरीज होती. १४.३ चा उल्लेख बासष्ट पानांत एकदाही नाही.

मॅडमनी पहिलं विचारलं, "हे तिथे मांडलं होतं का?" माझ्या घशाला कोरड. लेखी युक्तिवाद काढला, पान ९ वर तळाला एक पॅरा होता, क्लॉज १४.३ प्रमाणे दायित्व मर्यादित आहे. एवढाच, चार ओळी. आधीच्या वकिलाने बहुतेक सवयीने टाकलेला. त्या चार ओळी नसत्या तर पुढचं फार अवघड झालं असतं.

मला तेव्हा ते फार काही मोठं वाटलं नव्हतं, माझं लक्ष मेझनाइनवरच. मॅडमनी मात्र अर्ज त्याच्याभोवती लिहिला. आर्बिट्रेटरने कराराच्या अटी लक्षात घ्यायच्याच असतात असं सेक्शन २८ म्हणतं, आणि करारात नुकसानभरपाईची रक्कम ठरलेली असेल तर त्या रकमेच्या वर जाता येत नाही हे कॉन्ट्रॅक्ट अ‍ॅक्टच्या सेक्शन ७४ मध्ये आहे. अट वाचून तिचा अर्थ लावणं वेगळं आणि अट नसल्यासारखं वागणं वेगळं. दुसऱ्यात आर्बिट्रेटर नवा करार लिहितो आणि तो अधिकार त्याला कोणी दिलेला नसतो. मेझनाइनचं मी हट्टाने टाकायला लावलं. त्या म्हणाल्या, टाकते, पण पहिलं नाही टाकणार.

अर्ज २० जुलै २०२३ ला दाखल झाला, मुदत २४ ला संपत होती. करारात सीट, म्हणजे आर्बिट्रेशनचं ठिकाण, म्हणून जे शहर लिहिलं होतं तिथल्या जिल्हा कोर्टात, कमर्शियल कोर्टासमोर, माझ्या घरापासून एसटीने साडेचार तास. समोरच्याला आधी नोटीस पाठवून तसं अ‍ॅफिडेव्हिट जोडायचं असतं, ते केलं. दोन ऑब्जेक्शन निघाले, पानांचे नंबर आणि एका जोडपत्राची अस्पष्ट झेरॉक्स, ते चार दिवसांत काढले. शेवटच्या दिवसावर ठेवू नका एवढंच म्हणेन.

मला वाटलं होतं अर्ज टाकला की वसुली थांबली. २०१५ च्या आधी तसं होतं म्हणे, आता नाही. स्टेसाठी वेगळा अर्ज लागतो आणि पैशाचा अवॉर्ड असेल तर कोर्ट बहुधा पैसे भरायला लावतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये ऑर्डर झाली, ४ लाख कोर्टात जमा आणि उरलेल्याची बँक गॅरंटी, सहा आठवड्यांत. बँकेने गॅरंटीसाठी पूर्ण रकमेची एफडी मागितली, शिवाय दर वर्षाचं कमिशन. बायकोच्या नावावरची एफडी मोडली तेव्हा घरात जे बोलणं झालं ते इथे लिहीत नाही.

त्यानंतर तारखा. कायद्यात लिहिलंय की असा अर्ज एका वर्षात निकाली काढावा. माझ्या सतरा फेऱ्या झाल्या, त्यातल्या नऊ वेळा नुसती पुढची तारीख. एका फेरीला जाऊन येऊन, जेवण धरून बाराशे-चौदाशे रुपये आणि वर्कशॉपचा एक दिवस. प्रत्येक तारखेला मालकाने जायची गरज नसते हे मला सहाव्या फेरीला कळलं, तरी मी जात राहिलो, घरी बसवत नव्हतं.

अंतिम युक्तिवाद जून २०२५ मध्ये. मॅडमनी आधी १४.३ घेतला, वीस मिनिटं. समोरच्या वकिलांनी सांगितलं की ही मर्यादा आठवड्याच्या दंडाला आहे, प्रत्यक्ष नुकसानाला नाही, आणि आर्बिट्रेटरला हा अर्थ अभिप्रेत होता. जजसाहेबांनी अवॉर्ड त्यांच्याकडे सरकवला, "कुठे लिहिलंय दाखवा." ते पानं उलटत राहिले. पंख्याचा आवाज येत होता तेवढाच. मला तेव्हा उमजलं, आर्बिट्रेटरनी हाच अर्थ दोन वाक्यांत लिहून ठेवला असता तर कदाचित आम्ही तिथेही हरलो असतो. त्यांनी काहीच लिहिलं नव्हतं म्हणून आम्हाला फट सापडली.

मग मेझनाइन. मॅडमनी मेसेज दाखवले, कबुली दाखवली. जजसाहेबांनी विचारलं, "हे त्यांच्यासमोर होतं?" होतं. "पॅरा ४१ पासून त्यांनी विचार केलेला दिसतोय." हो. "मी असतो तर कदाचित वेगळं ठरवलं असतं मॅडम. पण मी तिथे नव्हतो, आणि इथे अपिलात बसलेलो नाही." तीन मिनिटांत संपलं. चौदा लाख साठ हजार, तीन मिनिटं. मी मागच्या बाकावर होतो, विचित्र म्हणजे राग आला नाही. दोन वर्षं वही वाचून मला उत्तर आधीच माहीत होतं.

उरला प्रश्न कोर्ट नेमकं काय करू शकतं हा. समोरच्यांचं म्हणणं २०२१ च्या हकीम निकालावर होतं, की कोर्टाला अवॉर्ड बदलता येत नाही, ठेवायचा नाहीतर रद्द करायचा. पूर्ण रद्द झाला असता तर माझं १३ लाखांचं बिलही त्यात गेलं असतं आणि सगळं पहिल्यापासून. पण नशीब म्हणा, ३० एप्रिल २०२५ ला सुप्रीम कोर्टाच्या पाच जजांच्या बेंचने गायत्री बालसामी प्रकरणात चार विरुद्ध एक असा निकाल दिला होता, की वाईट भाग चांगल्या भागापासून वेगळा काढता येत असेल तर तेवढाच काढता येतो, आणि काही ठरावीक बाबतींत मर्यादित बदलही करता येतो. मॅडमनी तो लावला.

१२ ऑगस्ट २०२५ ला ऑर्डर. काउंटरक्लेममधला १२ लाखांच्या वरचा ९ लाखांचा भाग रद्द, बाकी अवॉर्ड कायम. उशीर माझाच होता हा निष्कर्ष कायम, मेझनाइन नामंजूर ते कायम. हिशोब: १३ लाख वजा १२ लाख. कंपनीने मला १ लाख द्यायचे.

ज्यांना आकडे हवेत त्यांच्यासाठी, वकील फी पावणेदोन लाख, कोर्ट फी, टायपिंग, झेरॉक्स मिळून अठ्ठावीस हजारांच्या आसपास, गॅरंटीचं कमिशन आणि प्रवास मिळून आणखी चाळीसेक हजार. म्हणजे हातात आलेल्या १ लाखापेक्षा जास्त खर्च झाला, पण ८ लाख आणि त्याचं व्याज भरायचं वाचलं. मेव्हणा म्हणतो तोट्यात गेलास, मी म्हणतो बेरीज नीट कर.

सेक्शन ३७ खाली अपिलाला ६० दिवस असतात. मॅडमनी विचारलं मेझनाइनसाठी हायकोर्टात जायचं का, आणि लगेच म्हणाल्या की तिथली खिडकी याहून लहान आहे. मी नाही म्हटलं. कंपनीही गेली नाही.

जमा केलेले ४ लाख आपोआप परत येत नाहीत, त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो. ऑर्डरची सर्टिफाइड कॉपी, अपील झालेलं नाही असं अ‍ॅफिडेव्हिट, कॅन्सल्ड चेक आणि जमा केल्याची मूळ पावती. पावती मी कुरियरच्या त्या पाकिटाच्या मागेच स्टेपल केली होती म्हणून सापडली. गॅरंटीचा ओरिजिनल कागद कोर्टातून सोडवून बँकेत दिल्याशिवाय एफडी मोकळी होत नाही, आणि तो कागद नाझरच्या कपाटातून निघायला तीन फेऱ्या लागल्या. अठराव्या, एकोणिसाव्या आणि विसाव्या.